लहान लॉटचा खर्च नेमका कोण भरतं? अॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगने ओव्हरहेडची वाटणी, आकडेमोडीसह

ज्या कारखान्यात एकाच छताखाली मोठ्या लॉटचा साधा माल आणि लहान लॉटचा खास माल बनतो, तिथे ओव्हरहेड, म्हणजे कोणत्याही एका उत्पादनाच्या नावावर थेट टाकता न येणारा कारखान्याचा खर्च, मशीन अवर रेटने वाटला की साधा माल महाग आणि खास माल स्वस्त दिसतो. कारण सरळ आहे. मशीनचे तास नगांच्या संख्येबरोबर वाढतात, पण नव्या लॉटसाठी मशीन तयार करण्याचा म्हणजे सेटअपचा, तसंच खरेदी, तपासणी आणि ड्रॉइंगमधले बदल यांचा खर्च नगांवर अवलंबून नसतो. पन्नास नगांच्या लॉटला जेवढा सेटअप लागतो तेवढाच पाचशेच्या लॉटलाही लागतो. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी 1980च्या दशकात नेमकं यावरच बोट ठेवलं आणि अॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगची (पुढे एबीसी म्हणू) मांडणी केली: ओव्हरहेड आधी कामांवर टाकायचा आणि मग ज्या उत्पादनाने ते काम जेवढं वापरलं तेवढा त्याच्यावर.

संकल्पना बहुतेकांना ठाऊक असते. खरी अडचण येते ती कामाला बसल्यावर: कोणते पूल, म्हणजे एकेका कामाच्या खर्चाचे गट, करायचे, ड्रायव्हरची, म्हणजे तो खर्च ज्या मापाने वाटायचा त्याची, संख्या कुठून आणायची, आणि आलेला आकडा कितपत खरा धरायचा. म्हणून दोनच उत्पादनांचं एक काल्पनिक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू.

उदाहरण

एक कारखाना दोन प्रकारचे व्हॉल्व्ह बनवतो. ‘साधा’ वर्षाला 20,000 नग जातो आणि 500च्या लॉटमध्ये बनतो, म्हणजे 40 लॉट. ‘खास’ वर्षाला 2,000 नग जातो आणि 50च्या लॉटमध्ये बनतो, म्हणजे त्याचेही 40च लॉट. साध्याच्या एका नगाला मशीनचा अर्धा तास लागतो, खासला एक तास. थेट खर्च, म्हणजे कच्चा माल आणि थेट मजुरी, साध्याला नगामागे 400 रुपये आणि खासला 700. विक्रीची किंमत अनुक्रमे 560 आणि 1,400.

वर्षाचा एकूण कारखाना ओव्हरहेड 44 लाख रुपये आहे. त्यातले 8 लाख इमारतीचं भाडं, पहारा आणि कारखाना व्यवस्थापकाचा पगार यांचे. हे 8 लाख सध्या बाजूला ठेवू. का, ते पुढे येईल. उरले 36 लाख.

आधी जुन्या पद्धतीने वाटून पाहू. साध्याचे 10,000 आणि खासचे 2,000, असे एकूण 12,000 मशीन तास. 36 लाख भागिले 12,000, म्हणजे तासाला 300 रुपये. साध्याच्या नगावर 150 रुपये ओव्हरहेड आला, खासच्या नगावर 300. साधा 550ला पडतो आणि 560ला विकतो, म्हणजे नफा दहा रुपये. खास 1,000ला पडतो आणि 1,400ला विकतो, नफा 400. हा तक्ता पाहून कोणताही विक्री विभाग म्हणेल की साध्याच्या मागे कशाला लागायचं, खासच्या ऑर्डरी आणा. तक्ता बाजूला ठेवा, पुढे तो पुन्हा लागेल.

पायरी 1: कामं ओळखणं आणि पूल पाडणं

खातेवहीतली नावं म्हणजे पगार, वीज, घसारा, दुरुस्ती, किरकोळ स्टोअर. पैसा कशावर गेला ते त्यांवरून कळतं, पण कोणत्या कामासाठी गेला ते कळत नाही. एबीसीचा पूल कामाचा असतो. आपल्या कारखान्यात पाच पूल पुरतात: मशीन चालवणं, सेटअप, खरेदी आणि मालाची हाताळणी, तपासणी, आणि ड्रॉइंगमधले बदल.

किती पूल पाडायचे याला साधी कसोटी आहे. एका पुलातले सगळे खर्च एकाच कारणाने कमीजास्त होतात का? सेटअप करणाऱ्याचा पगार आणि ट्रायलमध्ये वाया जाणारे नग हे दोन्ही सेटअपमुळेच होतात, तेव्हा ते एका पुलात. पण सेटअप आणि तपासणी एकाच विभागाची माणसं करतात म्हणून त्यांना एका पुलात घातलं तर गफलत होते, कारण लॉट कमी केले तरी दोन्ही कामं सारख्या प्रमाणात घटतीलच असं नाही. उलट टोकाला चाळीस-पन्नास पूल पाडणारेही असतात. पहिल्या वर्षी उत्साहाने भरलेली ती फाईल दुसऱ्या वर्षी कोणी उघडत नाही. माझ्या मते एखाद्या पुलाची रक्कम एकूण ओव्हरहेडच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याला जवळच्या पुलात मिसळून टाकावं.

पूल पाडतानाच प्रत्येकाची पातळी ठरवा. मशीन चालवण्याचा खर्च नगाच्या पातळीवरचा. सेटअप आणि तपासणी लॉटच्या पातळीवरची. ड्रॉइंगचे बदल उत्पादनाच्या पातळीवरचे. लॉट एक असो वा शंभर, बदल एकदाच होतो. आणि इमारतीचं भाडं या कशानेच हलत नाही, ते सगळ्या कारखान्याच्या पातळीवरचं. त्याला प्रामाणिक ड्रायव्हर सापडत नाही म्हणून ते 8 लाख बाजूला ठेवले. ते वाटायचेच असतील तर शेवटी, वेगळ्या ओळीत वाटा. मधल्या पुलांत मिसळलेत तर मोठ्या कष्टाने मिळवलेलं कारण आणि खर्चाचं नातं पुन्हा धूसर होईल.

पायरी 2: खातेवहीतून पुलांत

या पायरीला पुष्कळ लोक गडबड करतात, म्हणून सेटअपचा पूल जवळून पाहू.

साहाय्यक कर्मचाऱ्यांचा पगार वर्षाला 14 लाख आहे. हीच माणसं सेटअप, खरेदी, तपासणी आणि ड्रॉइंगचं काम करतात. त्यांना आणि त्यांच्या फोरमनला विचारल्यावर वेळेची विभागणी मिळाली: सेटअप 40 टक्के, खरेदी आणि हाताळणी 30, तपासणी 15, ड्रॉइंग 15. म्हणजे सेटअपच्या पुलात पगाराचे 5,60,000 आले. सेटअपनंतर ट्रायलमध्ये स्क्रॅप होणाऱ्या मालाचे 2,10,000 आणि फिक्स्चर व टूल यांच्या झिजेचे 1,30,000 त्यात मिळवले. पूल झाला 9,00,000 रुपयांचा.

इथे दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, ट्रायलचं स्क्रॅप. बऱ्याच ठिकाणी ते थेट मालाच्या खात्यात मुरलेलं असतं आणि कच्च्या मालाच्या वापराच्या टक्केवारीत सगळ्या उत्पादनांवर पसरतं. ते वेगळं काढल्याशिवाय लहान लॉटचा खरा खर्च दिसणार नाही. एरवीच्या उत्पादनातलं स्क्रॅप मात्र या पुलात ओढू नका. दुसरी गोष्ट, टक्केवारीची. माणसाला विचारलं की तुझा वेळ कशात जातो, तर त्याच्या उत्तरांची बेरीज नेहमी 100 होते. ‘15 टक्के वेळ मी मोकळा असतो’ असं कोणी सांगत नाही. हा मोकळा वेळ अशा प्रकारे पुलात लपतो आणि दर फुगवतो. याचा हिशेब पुढे करू.

पायरी 3: ड्रायव्हर निवडणं आणि संख्या गोळा करणं

सेटअपसाठी दोन ड्रायव्हर समोर असतात: सेटअपची संख्या किंवा सेटअपचे तास. संख्या मिळायला सोपी, उत्पादन नियोजनाच्या नोंदीतून लगेच निघते. दोन्ही उत्पादनांचे 40-40 लॉट आहेत, म्हणजे एकूण 80 सेटअप. या हिशेबाने दर सेटअपला 11,250 रुपये, आणि 9 लाख दोघांत निम्मेनिम्मे वाटले जातील.

पण साध्याचा सेटअप दोन तासांत होतो. खासला फिक्स्चर बदलावं लागतं, अरुंद टॉलरन्ससाठी दोन-तीनदा ट्रायल घ्यावी लागते, आणि साडेपाच तास जातात. तेव्हा तास मोजले तर साध्याचे 80 आणि खासचे 220, एकूण 300. दर तासाला 3,000 रुपये. आता साध्याकडे 2,40,000 आणि खासकडे 6,60,000 गेले. एकाच पुलात नुसता ड्रायव्हर बदलल्याने 2,10,000 रुपये इकडचे तिकडे झाले. प्रत्येक वेळी लागणारं काम सगळ्या उत्पादनांसाठी साधारण सारखं असेल तर संख्या मोजा. त्यात दुपटी-तिपटीचा फरक असेल तर वेळ मोजा.

तास मोजायचे ठरवले की व्याख्या आधी लिहून ठेवा. सेटअप कधी सुरू होतो? मागच्या लॉटचा शेवटचा चांगला नग निघाल्यावर. कधी संपतो? नव्या लॉटचा पहिला नग तपासणीत पास झाल्यावर. बऱ्याच लॉगबुकमध्ये टूल बसवून झालं की सेटअप संपला असं लिहितात आणि पुढच्या ट्रायलचे तास उत्पादनात जमा होतात. अवघड उत्पादनाचा सेटअप त्यामुळे सोप्याइतकाच दिसतो. लॉगबुक चाळताना सगळे आकडे पूर्ण किंवा अर्ध्या तासाचे दिसले, किंवा आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या, तर तो आकडा अंदाज समजा. अशा वेळी दोन-तीन आठवडे प्रत्यक्ष उभं राहून प्रत्येक उत्पादनाचे काही सेटअप मोजावेत, त्यांची सरासरी लॉटच्या संख्येने गुणावी, आणि आलेला आकडा लॉगबुकशी ताडून पाहावा. दोन्हींत थोडंफार अंतर चालेल. निम्म्याचा फरक असेल तर लॉगबुक बाजूला ठेवा.

खरेदीसाठी आपण खरेदी ऑर्डरची संख्या घेतली: साध्याच्या 120, खासच्या 180. इथे एक गाठ असते. काही माल, जसे सील किंवा नट-बोल्ट, दोन्ही व्हॉल्व्हना लागतात. त्यांच्या ऑर्डरी वापराच्या प्रमाणात दोघांत वाटून मगच हा आकडा धरायचा. आणि एका ऑर्डरमध्ये कधी एक ओळ तर कधी वीस ओळी असतील, तर ऑर्डरपेक्षा ओळी मोजलेल्या बऱ्या. तपासणीचे तास साध्याला लॉटमागे 3 आणि खासला 6, म्हणजे 120 आणि 240. ड्रॉइंग बदलाच्या नोटा साध्याच्या 4, खासच्या 20.

पायरी 4: दर आणि वाटणी

पुलाची रक्कम भागिले ड्रायव्हरची एकूण संख्या, हा दर. दर गुणिले उत्पादनाने वापरलेली संख्या, हा त्याचा वाटा.

| पूल | रक्कम (रु.) | ड्रायव्हर | दर (रु.) | साधा: संख्या | साधा (रु.) | खास: संख्या | खास (रु.) |
|---|---|---|---|---|---|---|---|
| मशीन चालवणं | 14,40,000 | मशीन तास | 120 | 10,000 | 12,00,000 | 2,000 | 2,40,000 |
| सेटअप | 9,00,000 | सेटअप तास | 3,000 | 80 | 2,40,000 | 220 | 6,60,000 |
| खरेदी, हाताळणी | 6,60,000 | खरेदी ऑर्डर | 2,200 | 120 | 2,64,000 | 180 | 3,96,000 |
| तपासणी | 3,60,000 | तपासणी तास | 1,000 | 120 | 1,20,000 | 240 | 2,40,000 |
| ड्रॉइंग बदल | 2,40,000 | बदल नोटा | 10,000 | 4 | 40,000 | 20 | 2,00,000 |
| एकूण | 36,00,000 | | | | 18,64,000 | | 17,36,000 |

स्प्रेडशीटमध्ये B2 ते B6 मध्ये दर, C2 ते C6 मध्ये साध्याच्या संख्या आणि C7 मध्ये नग ठेवले, तर नगामागचा ओव्हरहेड एका सूत्रात निघतो. D2 ते D7 मध्ये खासच्या संख्या आणि नग तसेच भरून तेच सूत्र उजवीकडे ओढलं की D स्तंभात खासचा आकडा येतो.

```
=SUMPRODUCT($B$2:$B$6,C2:C6)/C7
```

साध्याचा आकडा येतो 93.20 रुपये, खासचा 868. आधीच्या तक्त्यात हेच 150 आणि 300 होते. थेट खर्च मिळवला तर साधा 493.20ला पडतो आणि नगामागे 66.80 कमावतो. खास 1,568ला पडतो आणि 1,400ला विकतो. प्रत्येक नगामागे 168 रुपयांचं नुकसान.

पुढे जाण्याआधी ताळा करा. जुन्या पद्धतीने एकूण नफा: 20,000 गुणिले 10 म्हणजे 2 लाख, अधिक 2,000 गुणिले 400 म्हणजे 8 लाख, एकूण 10 लाख. नव्या पद्धतीने: 13,36,000 वजा 3,36,000, पुन्हा 10 लाख. बाजूला ठेवलेले 8 लाख वजा केले की दोन्हीकडे 2 लाख उरतात. हे जुळलं नाही तर कुठला तरी खर्च दोनदा आलाय, सुटलाय, किंवा ड्रायव्हरच्या बेरजेत एखादं उत्पादन राहिलंय. नमुन्याचे आणि दुरुस्तीला परत आलेले लॉट हटकून सुटतात: त्यांनी सेटअप खाल्लेला असतो, पण विक्रीच्या यादीत ते नसतात.

पायरी 5: न वापरलेली क्षमता वेगळी काढणं

सेटअपचे 300 तास प्रत्यक्ष वापरले. पण त्या माणसांची उपलब्ध क्षमता, म्हणजे सुट्ट्या, प्रशिक्षण आणि अपरिहार्य खोळंबा वजा जाता, 375 तासांची होती असं समजू. मग दर 9 लाख भागिले 375, म्हणजे 2,400 रुपये. साध्याकडे 1,92,000, खासकडे 5,28,000, आणि उरलेले 1,80,000 ‘न वापरलेली क्षमता’ म्हणून वेगळ्या ओळीत. खासचा ओव्हरहेड नगामागे 868 वरून 802 वर येतो आणि नुकसान 168 ऐवजी 102 होतं. काटेकोर बोलायचं तर ट्रायलचं स्क्रॅप वापरलेल्या तासांबरोबरच वाढतं, त्यामुळे त्याचा दर 300 तासांवर वेगळा काढावा. सोपेपणासाठी इथे पूर्ण पूल एकत्र धरला आहे.

हे कशासाठी करायचं? समजा पुढच्या वर्षी ऑर्डरी घटल्या आणि सेटअपचे 200च तास लागले. प्रत्यक्ष वापरावर दर काढला तर तो 3,000 वरून 4,500 वर जाईल (पूल तेवढाच राहिला असं धरून). माल महाग दिसेल, कोणीतरी किंमत वाढवेल, ऑर्डरी आणखी घटतील, दर आणखी चढेल. क्षमतेवर दर काढला तर तो 2,400च राहतो आणि रिकाम्या माणसांचा खर्च त्याच्या खऱ्या नावाने दिसतो. तो खर्च व्हॉल्व्हचा नाही, ज्याने ती क्षमता ठेवायचं ठरवलं त्याच्या निर्णयाचा आहे. कॅप्लन आणि अँडरसन यांनी 2004मध्ये मांडलेली वेळेवर आधारित एबीसी ही याच विचारावर उभी आहे. माणसांना टक्केवारी विचारण्याऐवजी ती दोनच गोष्टी विचारते: उपलब्ध क्षमतेच्या एका मिनिटाला किती खर्च येतो, आणि एका कामाला किती मिनिटं लागतात. ज्यांना पायरी 2 मधल्या मुलाखती नकोशा वाटतात त्यांनी याच वाटेने जावं.

आकड्यावरून काय ठरवायचं, काय नाही

खासमध्ये नुकसान दिसलं की पहिली सूचना येते: खास बंद करा. इथे थांबा. खास बंद केला तर त्याची विक्री वजा थेट खर्च, म्हणजे 700 गुणिले 2,000, असे 14 लाख रुपये जातील. बदल्यात ओव्हरहेड किती वाचेल? तक्त्यात त्याच्या नावावर 17,36,000 आहेत, पण त्यातला मशीनचा घसारा वाचत नाही. पगार तेव्हाच वाचतात जेव्हा माणसं कमी होतात किंवा त्यांना दुसरं कमाईचं काम मिळतं. लगेच वाचतं ते ट्रायलचं स्क्रॅप, टूलची झीज, थोडी वीज. ते 14 लाखांच्या जवळपासही जात नाही. एबीसीचा आकडा सांगतो की उत्पादनाने कारखान्याची किती साधनं वापरली. ते उत्पादन बंद केल्यावर किती रोख वाचेल हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेब वेगळा, एकेका खर्चाला हात लावून करावा लागतो.

एबीसीचा खरा उपयोग खर्च पातळीनुसार सुटा करण्यात आहे. खासचे 1,568 रुपये असे मोकळे करू. थेट खर्च 700 आणि मशीनचे 120 दर नगाला लागतातच. खरेदीचे 198 आणि ड्रॉइंगचे 100 वर्षभराच्या 2,000 नगांवर पसरलेले आहेत. ही बेरीज 1,118. उरलेले 450 लॉटचे: सेटअपचे साडेपाच तास म्हणजे 16,500, तपासणीचे सहा तास म्हणजे 6,000, मिळून दर लॉटला 22,500, आणि ते भागिले 50.

आता हेच 22,500 वेगवेगळ्या लॉटवर टाकून पाहा. 100च्या लॉटमध्ये नगामागे 225 येतात आणि खास 1,343ला पडतो, म्हणजे 57 रुपये नफा. 200च्या लॉटमध्ये 112.50 येतात आणि तो 1,230.50ला पडतो. 1,400 किमतीला तोटा-नफ्याची सीमा कुठे आहे ते काढायला 1,400 मधून 1,118 वजा करा, 282 उरतात. 22,500 भागिले 282, म्हणजे साधारण 80 नग. इथे गृहीत असं की लॉट वाढला तरी तपासणीचे तास वाढत नाहीत. नमुना घेऊन तपासणी होत असेल तर हे बऱ्यापैकी खरं असतं. प्रत्येक नग तपासला जात असेल तर तपासणी नगाच्या पातळीवर हलवून हिशेब नव्याने करावा लागेल. शिवाय ग्राहकाची गरज 50चीच असून तुम्ही 100 बनवलेत, तर उरलेल्या 50मध्ये अडकलेलं भांडवल आणि ड्रॉइंग बदललं तर तो माल पडून राहण्याचा धोकाही मोजा. वर्षाला वीस बदल नोटा निघणाऱ्या मालात हा धोका लहान नाही.

म्हणून खासचं कोटेशन एका सरसकट दराने देण्यापेक्षा दोन ओळींत द्यावं: लॉटमागे ठरावीक सेटअप-तपासणी शुल्क, आणि त्यावर नगाचा दर. ग्राहक स्वतःच हिशेब करून ऑर्डर 80च्या वर नेतो, किंवा 50च हवे असतील तर त्याचे पैसे देतो. आणि सेटअपचा वेळ साडेपाच तासांवरून तीनवर आणता आला, तर लॉटचा खर्च 15,000 होतो आणि ती सीमा 54 नगांवर उतरते. मात्र वाचलेले शंभर तास दुसऱ्या कामात लागले पाहिजेत. नाहीतर ते न वापरलेल्या क्षमतेच्या ओळीत जाऊन बसतील आणि वर्षअखेरचा नफा होता तिथेच राहील.